पाटी, पाळी, नोंदवही आणि पुडी : प्रदर्शनातील स्टॉलच्या आखणीचा आढावा

व्यापारी प्रदर्शनातले स्टॉल मुळात दोन प्रकारचे असतात. एक, जागेवरच माल विकण्यासाठी घेतलेला. दुसरा, पुढच्या वर्षभराचे गिऱ्हाईक शोधण्यासाठी घेतलेला. ‘उमेद’, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, मुंबईत भरवते ते महालक्ष्मी सरस पहिल्या प्रकारात मोडते. बचत गटांच्या महिला तिथे लोणची, पापड, तांदूळ, मसाले थेट शहरी गिऱ्हाइकाला विकतात आणि रोजचा गल्ला हीच यशाची खूण मानली जाते. नागपुरात २००९ मध्ये सुरू झालेले ‘ॲग्रोव्हिजन’ बरेचसे दुसऱ्या प्रकारचे आहे. तिथे शेतकरी, व्यापारी, यंत्रविक्रेते, विद्यार्थी आणि अधिकारी फिरत असतात. स्टॉलवाल्याने त्यांतले आपल्या कामाचे लोक ओळखून त्यांचा ठावठिकाणा आणि गरज लिहून घ्यायची असते. दोन्ही हेतू एकाच स्टॉलवर साधायचा प्रयत्न केला की साधारणपणे दोन्ही अर्धवट राहतात. सुट्या पैशांच्या घाईत घाऊक खरेदीदार ताटकळून निघून जातो, आणि घाऊक बोलणी लांबली की रांगेतले किरकोळ गिऱ्हाईक पांगते.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. धान हे इथले मुख्य पीक. आधारभूत किमतीने सरकारी केंद्रावर धान देणे किंवा गिरणीवाल्याला विकणे, हे दोन रस्ते इथल्या शेतकऱ्याच्या सवयीचे आहेत. तांदूळ करून, त्याच्या वाणाच्या नावाने, थेट शहरातल्या खरेदीदाराला विकणे हा तिसरा रस्ता. त्यासाठी गोरेगावच्या एखाद्या शेतकरी गटाला सर्वांत जवळचे मोठे प्रदर्शन नागपूरचेच. कोहमारा, साकोली, भंडारा या रस्त्याने ते सुमारे दीडशे किलोमीटरवर पडते. अलीकडची काही वर्षे ॲग्रोव्हिजन नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चार दिवस, दाभा येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मैदानावर भरले आहे. पुढचा सगळा विचार अशाच एका कल्पित गटाचा आहे: एच.एम.टी. आणि चिन्नोर हे दोन वाण, ३ मीटर × ३ मीटरचा स्टॉल, चार माणसे आणि चार दिवस.

आधी गिऱ्हाईक, मग स्टॉल

स्टॉलचे भाडे, मालाची ने-आण, चौघांचा मुक्काम व जेवण, पाट्या आणि नमुन्याच्या पुड्या मिळून ४०,००० रुपये खर्च येतो असे धरू. गटाला एका किलोमागे खर्च वजा जाता घाऊक विक्रीत ८ रुपये आणि किरकोळ विक्रीत १५ रुपये सुटतात असेही धरू. जागेवर एक-एक किलोची १,००० पाकिटे खपली, जी चार दिवसांत खपवणे सोपे नाही, तरी हाती १५,००० रुपयेच येतात. म्हणजे निम्मा खर्चही भरून निघत नाही. घाऊक दराने तोच खर्च भरून काढायला ५,००० किलो, म्हणजे ५० क्विंटल तांदूळ विकावा लागेल. आकडा मोठा वाटतो, पण महिन्याला दोन क्विंटल तांदूळ लागणाऱ्या चार खानावळी किंवा वसतिगृहांच्या मेस मिळाल्या तर सहा-सात महिन्यांत तो पुरा होतो.

हा हिशेब कागदावर मांडला की स्टॉलचे काम स्पष्ट होते. गटाला चार दिवसांत हजारो लोकांना तांदूळ दाखवायचा नाही. चार-पाच मेस, काही हॉटेले आणि काही किराणा दुकानदार गाठायचे आहेत. पाटीवर काय लिहायचे, कोणी कुठे उभे राहायचे, वहीत कोणते रकाने आखायचे आणि पुडी कोणाला द्यायची, हे सगळे यावरून ठरते. पुष्कळ गट याच्या उलट क्रमाने जातात. आधी फ्लेक्स छापतात, मग पॅम्फ्लेट, मग पिशव्या, आणि गिऱ्हाईक कोण याचा विचार प्रदर्शनाच्या पहिल्या दुपारी सुरू होतो.

पाटीवरचा मजकूर

तयार स्टॉल घेतला की आयोजकांकडून बहुधा ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेल्या पांढऱ्या भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे, एक प्लग आणि वर नावाची पट्टी मिळते. या पट्टीला फेशिया म्हणतात. तिच्यावरचा मजकूर स्टॉलच्या अर्जात भरून द्यावा लागतो आणि अर्जात जे लिहिले तेच छापले जाते. अर्ज इंग्रजीत असेल तर मराठी नावाचे रूप आयोजकांचा छपाईवाला आपल्या अंदाजाने ठरवतो. म्हणून देवनागरीतला मजकूर वेगळा टाईप करून पाठवावा आणि छापण्यापूर्वी त्याचा फोटो मागवावा.

गोरेगावच्या गटाला इथे एक खास अडचण आहे. नुसते ‘गोरेगाव’ लिहिले की बहुतेक लोकांना मुंबईचे गोरेगाव आठवते. ते उपनगर तर मोठ्या प्रदर्शन केंद्रासाठीच प्रसिद्ध आहे. मुंबईच्या उपनगरातला व्यापारी तांदूळ विकतो आहे, असा समज झाला तर ‘शेतकऱ्याकडून थेट’ या गटाच्या मुख्य बळावरच पाणी पडते. म्हणून फेशियावर, पुडीवर, बिलावर आणि व्हिजिटिंग कार्डावर सगळीकडे ‘गोरेगाव, जि. गोंदिया’ असेच लिहावे. कार्डावर पिनकोडही असावा, कारण नंतर ऑर्डरचा पत्रव्यवहार त्यावरूनच होणार असतो.

पाट्या तीन अंतरांवरून वाचल्या जातात आणि प्रत्येक अंतराला वेगळा मजकूर लागतो. रांगेच्या टोकाहून, वीस-तीस फुटांवरून दिसते ती फेशिया आणि मागच्या भिंतीचा वरचा भाग. स्टॉलसमोरून जाताना, आठ-दहा फुटांवरून वाचली जाते ती मागच्या भिंतीची मुख्य ओळ. टेबलाशी आल्यावर दीड-दोन फुटांवरून वाचला जातो तो दर, वाण आणि अटींचा तक्ता. अक्षराच्या उंचीचा सर्वमान्य ठोकताळा असा की दर दहा फुटांना एक इंच उंची. तीस फुटांवरून वाचायचे असेल तर तीन इंच. देवनागरीत ही उंची मात्रा आणि उकार सोडून, अक्षराच्या मूळ अंगाची धरावी. फ्लेक्सवाला ओळीची पूर्ण उंची तीन इंच धरतो, त्यात वेलांटी-मात्रा वर आणि उकार खाली गेल्यावर अक्षर दोन इंचांचेही उरत नाही. काम देतानाच हे सांगावे लागते.

मुख्य ओळीत गटाचे नाव नसावे. समोरून जाणाऱ्या मेसवाल्याला गटाचे नाव माहीत नसते आणि त्याला त्याची गरजही नसते. आपल्या गटासाठी चालेल अशी ओळ: ‘एक वर्ष जुना एच.एम.टी. तांदूळ – मेस, हॉटेल, किराणा दुकानांसाठी’. त्याखाली लहान अक्षरांत: ‘किमान ३० किलो. नागपुरात पोच.’ एवढ्या मजकुरात माल काय, कोणासाठी आणि कोणत्या अटीवर हे तिन्ही येते. घरगुती गिऱ्हाईकही ते वाचून थांबतेच, पण ज्याला थांबवायचे आहे तो हमखास थांबतो. एच.एम.टी. हे नाव विदर्भात समजावून सांगावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून तयार केलेला हा वाण घराघरांत पोचलेला आहे. चिन्नोरचे तसे नाही. नागपूरबाहेरच्या पाहुण्याला तो सुगंधी आहे हे लिहून सांगावे लागते. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गोरेगावच्या चिन्नोरवर ‘बालाघाट’ हे नाव घालणे चुकीचे ठरेल, सीमा कितीही जवळ असली तरी.

कोणते शब्द टाळावेत, हे लिहायच्या शब्दांइतकेच महत्त्वाचे आहे. ‘१०० टक्के शुद्ध’ हे शब्द शेजारच्या सहा स्टॉलांवर असतात आणि वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. ‘सेंद्रिय’ किंवा ‘ऑरगॅनिक’ लिहायचे तर २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका प्रमाणपत्राचा आधार लागतो. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला त्यात काही सूट आहे, पण मेस आणि दुकानदारांना माल देणाऱ्या गटाने त्या सुटीवर विसंबू नये. ‘शुगर असणाऱ्यांसाठी उत्तम’ ही ओळ तर फ्लेक्सवर येऊच देऊ नये. अशा दाव्याला अन्नपदार्थांच्या जाहिरातींचे नियमही आडवे येतात आणि रोग बरा करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदाही.

दरपत्रकात एक मुद्दा हमखास राहून जातो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे. दुकानदाराचा पहिला प्रश्न ‘हा दर टॅक्स धरून की सोडून?’ हाच असतो. त्याचे उत्तर तक्त्यावरच छापलेले असावे, कारण स्टॉलवरचा एक जण एक आणि दुसरा दुसरे सांगू लागला की भरवसा तिथेच उडतो.

पाटी कशावर छापायची यालाही आता मर्यादा आहे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कापडी बॅनर थोडा महाग पडतो, पण घडी करून तीन-चार वर्षे वापरता येतो. त्यासाठी तारीख आणि प्रदर्शनाचे नाव बॅनरवर न घालता वेगळ्या पट्टीवर घालावे.

माणसे आणि पाळ्या

नोव्हेंबर हा धान उत्पादक गटासाठी माणसे मिळण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड महिना आहे. हलका धान कापून झालेला असतो, मध्यम आणि भारी धानाची कापणी-मळणी चालू असते आणि खरेदी केंद्रावर नंबर लावायची धावपळ असते. घरचे काम टाकून चार दिवस नागपुरात राहू शकतील अशी माणसे गटात थोडीच निघतात. म्हणून अनेक गट दोन-दोन दिवसांच्या दोन तुकड्या पाठवतात. तसे करण्यात गैर काही नाही, पण एक अट पाळावी लागते: निदान एक माणूस चारही दिवस तोच असावा. पहिल्या दिवशी ‘परवा येतो’ म्हणून गेलेला हॉटेलवाला परत आला आणि त्याला ओळखणारे कोणीच नसले तर त्याचे सगळे बोलणे पहिल्यापासून सुरू होते. बहुतेक जण ते पुन्हा करत नाहीत.

चौघांची कामे आधी वाटून घ्यावीत. एकाने स्टॉलच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि येणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: ‘घरासाठी पाहता की व्यवसायासाठी?’ उत्तराप्रमाणे माणूस डावीकडे किंवा उजवीकडे जातो. घरगुती गिऱ्हाइकाला एक किलोचे पाकीट आणि दर सांगणारी दुसरी व्यक्ती. व्यवसायासाठी आलेल्याशी बसून बोलणारी तिसरी. हिला दर, गिरणीची क्षमता, माल पोचवण्याचे दिवस आणि उधारीची मर्यादा हे सगळे ठरवायचा अधिकार असला पाहिजे. चौथी व्यक्ती त्या वेळी विश्रांतीवर. तीन मीटरच्या स्टॉलमध्ये टेबल ठेवल्यावर तीनहून जास्त माणसे उभी राहिली तर गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा उरत नाही. चौघे एकदम टेबलामागे बसलेले दिसले की येणारा माणूस बाहेरूनच पाटी वाचून पुढे जातो.

पाळी दीड तासाची पुरते. उभे राहून सतत बोलणारा माणूस दोन तासांनी तोच प्रश्न त्याच उत्साहाने विचारू शकत नाही, आणि तिसऱ्या तासाला तो गिऱ्हाइकाऐवजी मोबाईलकडे पाहू लागतो. हीच थकव्याची ओळखू येणारी खूण. बदलताना कडेला उभा असलेल्याने विश्रांतीला जावे, विश्रांतीवरच्याने पाकिटांकडे यावे आणि पाकिटांकडच्याने कडेला जावे. व्यवसायाच्या बोलणीला मात्र शक्यतो तीच व्यक्ती दिवसभर ठेवावी आणि तिची विश्रांती गर्दी कमी असताना घ्यावी. कार्यशाळा चालू असतात तेव्हा मैदानात गर्दी विरळ असते आणि त्या सुटल्या की लोंढा येतो. म्हणून कार्यशाळांचे वेळापत्रक पहिल्या सकाळीच मिळवून जेवणाच्या वेळा त्याप्रमाणे ठरवाव्यात. दुपारी एक ते दोन या ठरावीक वेळेत सगळ्यांनी जेवायला बसणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

दिवसाचा पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास वेगळा धरावा. सकाळी पुड्या मोजणे, दरपत्रक लावणे, वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का दिसेल असा तो ठेवणे. संध्याकाळी वहीची छाननी. गटातल्या महिला मुक्कामाच्या जागी अंधार पडण्याआधी पोचतील अशी शेवटची पाळी पुरुष सदस्यांनी घ्यावी किंवा सगळ्यांनी एकत्रच निघावे, हेही आधीच ठरलेले असावे. नागपुरात गेल्यावर यावर चर्चा होऊ लागली तर त्याचा ताण स्टॉलवर दिसतो.

नोंदवही

प्रदर्शनातून घरी नेण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नोंदवही, आणि सर्वांत जास्त हयगय तिचीच होते. नेहमीचा प्रकार असा: टेबलावर एक वही आणि दोरीने बांधलेले पेन, नाव, गाव, मोबाईल एवढे रकाने, येणारा प्रत्येक जण स्वतःच्या हाताने लिहून जातो. चार दिवसांनी पाचशे नावे जमतात. गावी आल्यावर वही उघडली की त्यांतली कोणती मेसवाल्याची, कोणती शाळेच्या सहलीतल्या मुलाची, हे कळत नाही. निम्मे आकडे वाचता येत नाहीत. व्हिजिटिंग कार्ड टाकायची आणि सोडतीत बक्षीस द्यायची पेटी हाही तसाच प्रकार. कार्डे भरपूर जमतात, पण ती बक्षिसासाठी टाकलेली असतात, तांदळासाठी नाही.

उपाय साधा आहे: वही गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, बोलणी करणाऱ्यानेच ती भरायची. रकाने असे: अनुक्रमांक, नाव आणि व्यवसाय, मोबाईल, आज कोणता तांदूळ वापरतात, महिन्याला किती, कशावर अडले आहे (दर, उधारी, पोच, नमुना शिजवून पाहणे), पुढे काय करायचे आणि कधी, आणि शेवटी अ, ब किंवा क. ज्याने प्रमाण आणि महिना दोन्ही सांगितले तो अ. प्रमाण सांगितले पण वेळ नाही तो ब. बाकी सगळे क. हा वर्ग गिऱ्हाईक उठून गेल्यावर लगेच लिहावा, संध्याकाळपर्यंत थांबू नये. तोपर्यंत वीस चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात.

‘आज कोणता तांदूळ वापरतात’ हा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि खरी माहिती त्यातच असते. मेसवाला आज कोलम घेत असेल तर त्याच्याशी भाताच्या मोकळेपणावर बोलायचे असते. तो कनकीमिश्रित स्वस्त तांदूळ घेत असेल तर एच.एम.टी.च्या दरापर्यंत तो येणार नाही हे दोन मिनिटांत कळते आणि दोघांचाही वेळ वाचतो.

नंबर लिहून घेतला की लगेच तिथेच मिस्ड कॉल द्यावा. चुकीचा अंक जागीच पकडला जातो आणि गिऱ्हाइकाकडे गटाचा नंबर जातो. गटाचा व्हॉट्सॲप बिझनेस क्रमांक असेल तर त्याचा क्यूआर कोडही टेबलावर ठेवता येतो. तो खालील प्रकारच्या दुव्यावरून कोणत्याही क्यूआर बनवणाऱ्या ॲपमध्ये तयार होतो. 91 च्या आधी अधिकचे चिन्ह किंवा नंतर शून्य न घालता दहा अंकी क्रमांक येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=HMT
```

हा कोड स्कॅन करणाऱ्याच्या मोबाईलवर गटाची चॅट उघडते आणि ‘HMT’ हा शब्द आधीच लिहिलेला येतो. चिन्नोरसाठी वेगळा कोड ठेवला तर कोणाला काय हवे हे संदेशावरूनच कळते. कोडाची बाजू, तो जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायला हवा त्याच्या एक-दशांश असावी. एक मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर दहा सेंटीमीटर. मात्र मैदानावर गर्दी वाढली की मोबाईलचे नेटवर्क मंदावते, आणि अशा वेळी कागदी वहीच कामाला येते. केवळ कोडावर भिस्त ठेवणाऱ्या स्टॉलची ऐन गर्दीची दुपार वाया जाते.

नंबर घेताना तो कशासाठी घेतो आहोत हे सांगून, हो म्हणवून घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. तांदळाच्या चौकशीसाठी दिलेला नंबर शेजारच्या खतविक्रेत्याला देणे किंवा न विचारता सगळ्यांचा एकच ग्रुप करणे हे अयोग्य आहे. ग्रुपमध्ये एका गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो, आणि दोन मेसवाले एकमेकांना दर विचारू लागतात हा व्यवहारातला तोटा वेगळाच.

किती नोंदी होतील याचा अंदाज आधी बांधता येतो. चार दिवस, रोज आठ तास, व्यवसायाची बोलणी करणारी एक व्यक्ती. तिचा निम्मा वेळ प्रत्यक्ष बोलण्यात जातो आणि एका बोलण्याला आठ मिनिटे लागतात असे धरले तर १२० नोंदी होतात. त्यांत अ वर्गाच्या पंधरा-वीस निघाल्या तर प्रदर्शन चांगले गेले असे म्हणावे. पहिल्या संध्याकाळी वही पाहून चूक ओळखता येते. नोंदी साठ झाल्या आणि ‘महिन्याला किती’ हा रकाना रिकामाच असेल तर बोलणी करणारा नुसती नावे गोळा करतो आहे. नोंदी दहाच असतील आणि त्या सगळ्या अ असतील तर कडेला उभा असलेला माणूस लोकांना थांबवण्यात कमी पडतो आहे. दोन्ही गोष्टी दुसऱ्या सकाळी दुरुस्त करता येतात, म्हणून रोज संध्याकाळची छाननी सोडू नये. त्याच वेळी वहीच्या पानांचे फोटो काढून गावातल्या एका सदस्याला पाठवावेत. मैदानावर वह्या हरवतात, भिजतात.

पुडी

भेट म्हणून पेन, किल्लीची साखळी, डायरी वाटण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांकडून आली आहे. तांदूळ विकणाऱ्या गटाला तिचा उपयोग नाही. पेन पाहून कोणी तांदूळ घेत नाही आणि फुकटची वस्तू दिसली की टेबलाभोवती मुलांची गर्दी होते. गटाकडे देण्यासारखी उत्तम वस्तू तांदूळच आहे. प्रश्न एवढाच की किती, कोणाला आणि कोणता.

कोणता, हा प्रश्न नोव्हेंबरमध्ये सर्वांत नाजूक होतो. नुकताच कापलेला धान भरडून केलेला नवा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो. साठवणीत मुरलेला जुना तांदूळ जास्त पाणी घेतो, फुलतो आणि मोकळा राहतो. घाईने नव्या धानाची पुडी दिली तर मेसवाल्याच्या पातेल्यात भाताचा गोळा होतो आणि त्याच्या लेखी एच.एम.टी. वाईट ठरतो. म्हणून नमुना मागच्या खरिपाचाच द्यावा आणि पुडीवर हंगाम लिहावा. त्यासाठी आदल्या वर्षीचा धान राखून ठेवावा लागतो. म्हणजेच नोव्हेंबरच्या स्टॉलचे नियोजन खरे तर आदल्या वर्षीच्या कापणीलाच सुरू होते. ज्या लॉटमधून नमुना दिला त्याच लॉटचा माल पाठवायचा, आणि प्रत्येक लॉटची एक मोहोरबंद पुडी गटाकडे जपून ठेवायची. ‘नमुना वेगळा, माल वेगळा’ ही तक्रार आली तर तीच पुडी उघडून दोघांसमोर शिजवता येते.

किती, याचे उत्तर गिऱ्हाइकाप्रमाणे बदलते. घरगुती चौकशीला फुकट पुडी देऊ नये. त्यांच्यासाठी विकत घ्यायचे एक किलोचे पाकीट आहे. व्यवसायासाठी आलेल्या आणि वहीत नोंद झालेल्यालाच अर्ध्या किलोची पुडी द्यावी. मेसचा आचारी दोन मुठी तांदूळ शिजवून मत देत नाही. त्याला निदान एका लहान पातेल्यापुरता तांदूळ लागतो. १२० नोंदींना अर्धा किलो म्हणजे ६० किलो. ७० रुपये दराने ४,२०० रुपये होतात, आणि हा खर्च एकूण खर्चाच्या सुमारे दहावा हिस्सा आहे.

पुडीवर वाण, हंगाम, पाण्याचे प्रमाण (जुन्याला एका वाटीस दोन वाट्या, मग अनुभवाने कमी-जास्त), गटाचा पत्ता, अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि ‘नमुना – विक्रीसाठी नाही’ हे शब्द असावेत. याखेरीज एक गोष्ट करावी, जी क्वचित कोणी करते: नोंदवहीतला अनुक्रमांक पुडीवर ठळक लिहावा. आठवड्याने फोन करताना ‘प्रदर्शनात भेटलो होतो’ या बोलण्याने समोरच्याला काही आठवत नाही. ‘३७ नंबरची पुडी शिजवून पाहिली का?’ असे विचारले की तो पुडी शोधतो, आणि बोलणे तांदळावरूनच सुरू होते.

शिजवलेला भात चाखायला देण्याचा मोह मोठा असतो, कारण चिन्नोरचा वास रांगेच्या टोकापर्यंत जातो. आयोजकांची परवानगी असेल तरच ते करावे. मंडपात ज्योत पेटवू देत नाहीत, म्हणून विजेचा कुकर लागतो. ५ अँपिअरच्या प्लगवर साधारण १,१०० वॉटपेक्षा जास्त भार चालत नाही, तेव्हा ७०० वॉटचा छोटा कुकरच न्यावा. कोमट झालेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. थोडा-थोडा भात दिवसातून तीन-चार वेळा शिजवणे हाच मार्ग.

पिशवी द्यायची असेल तर ती कापडी असावी आणि खरेदी करणाऱ्यालाच मिळावी. प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कापडासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या पातळ पिशव्याही नियमात सापडतात, आणि दंड पिशवी वाटणाऱ्याला होतो.

परतल्यावर

अ वर्गातल्या प्रत्येकाला प्रदर्शन संपल्यापासून तीन-चार दिवसांत फोन व्हायला हवा. गोरेगावला परतल्यावर मळणीची कामे साचलेली असतात, आणि नेमका तोच आठवडा हातचा जातो. म्हणून फोनचे काम स्टॉलवर न गेलेल्या सदस्याकडे द्यावे. त्याच्याकडे वहीच्या पानांचे फोटो आधीच आलेले असतात. ब वर्गाला संक्रांतीच्या सुमारास, नव्या वर्षाचा दर ठरल्यावर कळवावे. क वर्गाला एकदा दरपत्रक पाठवले की पुरे.

हिशेब मात्र लगेच करू नये. मेसवाला आधी नमुना शिजवतो, मग एक पोते मागवतो, मग महिनाभर पाहतो. वसतिगृहांचे ठेके तर शाळा-कॉलेजच्या नव्या वर्षालाच बदलतात. जून अखेर वही काढून प्रत्येक अनुक्रमांकासमोर किती क्विंटल गेले ते लिहावे आणि बेरीज ५० क्विंटलशी ताडून पाहावी. बेरीज तीसच्या आत राहिली आणि अ वर्गातले निम्मे लोक दरावर अडले असतील, तर दोष स्टॉलचा नसून दराचा आहे. पुढच्या वर्षी भाड्याचे पैसे भरण्याआधी गिरणीचा आणि वाहतुकीचा खर्च कमी करावा. लोक पोच आणि उधारीवर अडले असतील तर नागपुरात एक दुकानदार माल ठेवून घेणारा म्हणून शोधावा. आणि वहीत अ वर्गच भरला नसेल, तर पुढच्या वर्षी पाटीची मुख्य ओळ बदलावी आणि कडेला उभे राहणारा माणूस बदलावा.